गच्चीवर गज सोडलेत म्हणून मजला चढत नाही. जुन्या घरावर बांधण्याआधी आर्किटेक्टनं काय तपासावं

तालुक्याच्या कोणत्याही गावात उंचावरून नजर टाकली, तर निम्म्या गच्च्यांवर कॉलमचे गज वर आलेले दिसतात. कुणी त्याला कपडे वाळवायची तार बांधलेली असते, कुणी टोकाला रिकामी बाटली उपडी घातलेली असते. घर बांधलं तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "गज सोडून ठेवलेत, पुढं कधीबी मजला चढवा." वीस-पंचवीस वर्षं झाली. आता मुलाचं लग्न ठरलंय, खाली जागा पुरत नाही आणि मालक आर्किटेक्टकडे जातो तो हेच सांगत, की गज सोडलेले आहेत, फक्त नकाशा काढून द्या.

इथंच गोंधळ होतो. वर सोडलेले गज एवढंच सांगतात, की त्या वेळी मालकाच्या मनात दुसरा मजला होता. खाली पाया किती रुंद आहे, तो काळ्या मातीवर टेकलाय की मुरुमावर, कॉलममध्ये काँक्रीट कसं आहे, यातलं काहीच ते सांगत नाहीत. गज सोडायला फार तर दोन-तीन फूट जादा लोखंड लागतं. पाया मोठा करायला खोदाई, सिमेंट, लोखंड सगळंच जास्त लागतं. पैसे कमी पडले की काटछाट पायात होते, कारण तो मातीखाली झाकला जातो. त्यामुळे गज दोन मजल्यांचे आणि पाया एका मजल्याचा, अशी घरं जागोजाग सापडतात.

मराठवाड्यात हा विषय नुसता कागदोपत्री नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरच्या माळवदाच्या जड छताखाली. त्यानंतर लोक स्लॅबच्या घरांकडे वळले. पण डोक्यावर जेवढं वजन जास्त, तेवढा भूकंपाचा हिसका जास्त, हा नियम स्लॅबच्या घरालाही लागू आहे. जुन्या घरावर मजला चढवताना आपण नेमकं तेच करतो, उंचावर वजन वाढवतो.

कामाची वाटणी आधी समजून घ्या

मजला पेलेल की नाही, याचं गणित स्ट्रक्चरल इंजिनियर करतो आणि त्याच्या सहीचं प्रमाणपत्र परवानगीच्या कागदांतही लागतं. पण इंजिनियरच्या हातात काय पडतं, हे आर्किटेक्टनं आधी काय पाहिलं, मोजलं आणि विचारलं यावर ठरतं. जुन्या घराचा आरसीसी नकाशा मालकाकडे बहुधा नसतोच. असला, तर तो ग्रामपंचायतीत दाखवायला काढलेला असतो आणि घर मिस्त्रीच्या अंदाजानं उभं राहिलेलं असतं. म्हणून पहिलं काम म्हणजे घर आहे तसं मोजून त्याचा नकाशा करणं. कॉलम कुठे, बीम कुठून कुठे जातात, कोणती भिंत बीमखाली आहे, कोणती नुसतीच उभी आहे, सगळं त्यात आलं पाहिजे.

सोबत मालकाला काही प्रश्न विचारावे लागतात. बांधकाम कोणत्या साली झालं? एकाच दमात झालं की पुढचा भाग नंतर जोडला? दुकानासाठी शटर बसवताना भिंत तोडली का? बांधकामाला पाणी कोणत्या बोअरचं वापरलं, ते खारं होतं का? जुना मिस्त्री हयात असेल तर त्याला घरी बोलावून चहा पाजावा. तासाभराच्या त्या गप्पांत जे कळतं, ते पुष्कळदा कोणत्याच कागदात नसतं.

घर विटांच्या किंवा दगडाच्या भिंतींवर उभं असेल आणि कॉलम नसतील, तर सगळा भार भिंतीच पेलतात. तिथं मजल्याचा विचार फारच जपून करावा. भिंत सिमेंटच्या मसाल्यात आहे की मातीच्या, हे एका कोपऱ्यात गिलावा काढून लगेच दिसतं. मातीच्या मसाल्यातल्या भिंतीवर मजला चढवू नये, हे तिथंच सांगून मोकळं व्हावं. या लेखातला पुढचा भाग कॉलम-बीमच्या घराबद्दल आहे, कारण आता बहुतेक मागणी त्याच घरांवर बांधायची असते.

आधी ते गजच तपासा

गच्चीवरचे गज वीस पावसाळे उघडे असतील, तर गंज वरच्या टोकापेक्षा मुळाशी जास्त असतो. स्लॅबमधून गज जिथं बाहेर येतो तिथं पाणी साचतं, धूळ बसते आणि गज हळूहळू बारीक होत जातो. लोखंडी ब्रशनं तिथला गंज खरडून व्हर्नियरनं व्यास मोजायचा. १२ मिलिमीटरचा गज मुळाशी ९ वर आला असेल, तर त्याचं जवळजवळ निम्मं लोखंड गेलेलं असतं, कारण ताकद व्यासाच्या वर्गावर चालते. नुसत्या नजरेला मात्र तो गज "थोडा गंजलाय" एवढाच वाटतो.

दुसरी गोष्ट लांबीची. जुन्या गजाला नवा गज जोडताना दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बांधतात. हा जोड गजाच्या व्यासाच्या साधारण ५० पट लांब हवा, म्हणजे १२ मिलिमीटरच्या गजाला जवळपास दोन फूट. वर फूटभरच गज शिल्लक असेल, तर तो जोड जोड नव्हेच.

तिसरी गोष्ट वाकलेल्या गजांची. पोरांना लागू नयेत म्हणून बऱ्याच ठिकाणी गज आडवे वाकवून ठेवतात. नव्वदच्या दशकातल्या घरांत हे गज बहुधा थंडपणी पीळ दिलेले, ज्याला बाजारात टॉर म्हणायचे, त्या जातीचे असतात. एकदा वाकवून इतकी वर्षं गंजलेला असा गज पाईप घालून सरळ करायला गेलं, की वाकणाच्या जागी त्याला चीर जाते. कधी तो तिथंच तुटतो. तुटला तर उलट बरं, निदान कळतं तरी. चीर गेलेला गज काँक्रीटमध्ये गाडला गेला की विषय दिसेनासा होतो.

असे गज बाद ठरले म्हणजे घर बाद ठरलं असं नाही. कॉलमच्या डोक्यात भोकं पाडून रसायनानं नवे गज बसवता येतात. पण त्यासाठी खालचं काँक्रीट चांगलं हवं. म्हणजे प्रश्न पुन्हा खालीच जातो.

पाया उघडल्याशिवाय बोलू नये

पाया बघायला खड्डाच घ्यावा लागतो, त्याला पर्याय नाही. घराच्या मधल्या एका कॉलमजवळ आणि कडेच्या एका कॉलमजवळ, असे किमान दोन खड्डे घ्यावेत. मधल्या कॉलमवर भार सगळ्यात जास्त असतो. कडेच्या कॉलमचा पाया शेजाऱ्याच्या हद्दीमुळे एका बाजूला कापलेला असू शकतो आणि मग कॉलम पायाच्या मधोमध न बसता कडेला बसतो. अशा पायावर भार वाढवला की तो एका अंगाला कलायला बघतो.

खड्डा कॉलमच्या एकाच बाजूनं घ्यायचा आणि पायाच्या तळाखाली खोदायचं नाही. एका वेळी एकच खड्डा उघडा ठेवायचा, बघून, मोजून, फोटो काढून लगेच थर दाबत भरायचा. पावसाळ्यात हे काम करू नये. खड्ड्यात बघायचं ते असं: पाया जमिनीपासून किती खोल आहे, त्याची लांबी-रुंदी किती, काँक्रीटची जाडी किती आणि तळाखाली काय आहे.

तळाखाली काय आहे, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक, अशी जमीन इथं नेहमीची. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरुमापर्यंत नेलेला असेल तर काळजी कमी. मिस्त्रीनं चार फुटांवर थांबून काळ्या मातीतच पाया ठेवला असेल, तर ते घर दरवर्षी थोडं वर-खाली होत असतं.

त्याची खूण भिंतीवर सापडते. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग, उन्हाळ्यात रुंद आणि पावसाळ्यात मिटलेली, ही बहुधा काळ्या मातीची सही असते. भेग हलतेय की जुनीच आहे, हे कळायला तिच्यावर काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवून तारीख लिहून ठेवतात. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. एका महिन्यात निकाल लावू नये, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा. मालकाला लग्नाची घाई असते हे खरं, पण काळ्या मातीला ते कळत नाही.

एक नमुना घर, आकड्यांसकट

समजा, तालुक्याच्या गावात पुढे दुकान, मागे राहतं घर, अशी एक तळमजल्याची इमारत आहे. कॉलम ९ इंच बाय ९ इंच, त्यात १२ मिलिमीटरचे चार गज. पाया ४ फूट बाय ४ फूट, कडक मुरुमावर टेकलेला. मधल्या कॉलमच्या वाट्याला साधारण १४ चौरस मीटर, म्हणजे दीडशे चौरस फूट स्लॅब येतो. असं घर शोधायला लांब जावं लागणार नाही.

आज त्या कॉलमवर किती वजन आहे? पाच इंची स्लॅब, त्यावरचा वीटबंदी कोबा आणि गच्चीवरचा वापर मिळून सुमारे ९ टन. बीम आणि कॉलमचं स्वतःचं वजन २ टन. म्हणजे कॉलमवर ११ टन. खालच्या नऊ इंची भिंतींचं वजन जोत्याच्या बीममधून पायावर येतं, ते आणखी १० टन. पायावर एकूण २१ टन झाले. पायाच्या स्वतःच्या वजनाचा हिशोब इथं सोपेपणासाठी सोडून दिलाय. ४ बाय ४ फूट म्हणजे साधारण दीड चौरस मीटर. जमिनीवर दाब आला चौरस मीटरला १४ टन. कडक मुरुमाला साधारण २० ते २५ टन धरतात, म्हणजे आज घर सुखात आहे.

आता मालकाच्या मनातला मजला चढवू. वर तसाच स्लॅब आणि कोबा ९ टन, बीम-कॉलम २ टन, नऊ इंची विटांच्या भिंती १० टन. जुन्या कोब्यावरच फरशी टाकून लोक राहायला आले, त्याचे २ टन. एकूण २३ टनांची भर पडली. पायावर २१ चे ४४ टन झाले आणि जमिनीवरचा दाब १४ वरून २९ टनांवर गेला. मुरूम चांगला असला तरी ही मर्यादा ओलांडली. म्हणजे "एकच तर मजला" म्हणताना पायावरचं ओझं दुपटीहून जास्त होतं. याचं कारण असं, की तळमजल्याच्या जमिनीवरचा वापर थेट मातीवर जातो, तो कॉलमवर येतच नाही. वरच्या मजल्याचं मात्र सगळंच कॉलमवर येतं.

कॉलमचंही बघू. त्या काळच्या घरांत एम१५ दर्जाचं काँक्रीट निघालं तरी नशीब म्हणायचं. तेवढं धरलं, तर ९ बाय ९ चा हा कॉलम सरळ भार सुमारे २९ टन पेलू शकतो. काँक्रीट एम१० निघालं तर २२ टन. नव्या मजल्यानंतर त्याच्यावर येणार ३४ टन. आणि यात भूकंपाचा आडवा धक्का अजून धरलेलाच नाही.

अशा वेळी बहुतेक मालक विचारतात, "मग काय, बांधूच नये का?" तर तसंही नाही. हेच घर, पण बांधायची पद्धत बदलू. आधी गच्चीवरचा कोबा पूर्ण काढून टाकायचा आणि त्या जागी पातळ फरशी घालायची. कोब्याचं वजन गेलं, फरशीचं आणि माणसांचं आलं, जमाखर्च जवळपास सारखा. भिंती लाल विटांच्या ऐवजी सहा इंची हलक्या एएसी ब्लॉकच्या घेतल्या, तर १० टनांऐवजी ३ टन. वर स्लॅबऐवजी लोखंडी सांगाड्यावर पत्रे टाकले, तर दीड टन. नव्या कॉलमचा अर्धा टन. भर फक्त ५ टनांची. पायावर २६ टन आणि जमिनीवर चौरस मीटरला साधारण १७. कॉलमवर १६ टन. हे घर आता तपासणीत टिकू शकतं.

पत्र्याचं नाव काढलं की चेहरा उतरतो, हे आर्किटेक्टला माहीत असतं. उकडतं, पावसात आवाज होतो, आणि वळवाच्या वादळात पत्रे उडतात. उष्णतारोधक थर असलेले पत्रे आणि खाली छत घेतलं, तर पहिल्या दोन तक्रारी बऱ्याच कमी होतात. तिसरीसाठी सांगाडा कॉलमला बोल्टनं जखडावा लागतो, नुसते पत्र्यांवर दगड ठेवून भागत नाही.

हे आकडे नमुन्याचे आहेत. दुसऱ्या घरात कॉलममधलं अंतर, पायाचा आकार आणि जमीन वेगळी असेल, तर उत्तरही वेगळं येईल.

काँक्रीटचा कस

वरच्या हिशोबात काँक्रीट एम१५ की एम१० यानं ७ टनांचा फरक पडला. म्हणून अंदाजावर राहता येत नाही. पहिली तपासणी साध्या हातोडीनं होते. कॉलम, बीम आणि स्लॅबचा तळ हळू ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आतून काँक्रीट सुटलेलं आहे. स्लॅबच्या खालून पोपडे पडून गज दिसत असतील, तर त्यावर गिलावा मारून रंग देणं म्हणजे जखमेवर पावडर लावण्यासारखं आहे. जास्त गंज मोरीच्या आणि संडासाच्या आसपास, तसंच गळणाऱ्या कोब्याखाली सापडतो.

त्यानंतर रिबाउंड हॅमर. पृष्ठभागावर दाबलं की तो उसळून आकडा दाखवतो. स्वस्त आहे, पटकन होतं, म्हणून सगळ्यांना आवडतं. पण जुन्या घरात तो फसवू शकतो. वर्षानुवर्षं हवा लागून काँक्रीटचा वरचा थर कडक झालेला असतो आणि आकडा खऱ्या ताकदीपेक्षा जास्त येतो. त्यामुळे हॅमरचा उपयोग कोणता कॉलम इतरांपेक्षा कमजोर आहे हे शोधायला करावा, ताकद ठरवायला नाही. आतल्या पोकळ्या आणि भेगांचा अंदाज ध्वनिलहरींच्या चाचणीनं येतो.

खरी ताकद कळते ती काँक्रीटचा गोल तुकडा कापून, म्हणजे कोअर काढून. इथं एक सावधगिरी हवी. ९ इंची कॉलममधून तीन इंचांचा कोअर काढणं म्हणजे त्या कॉलमचा मोठा लचका तोडणं आहे. त्याऐवजी त्याच वेळी ओतलेल्या बीमच्या कमी ताणाच्या भागातून किंवा पायाच्या काँक्रीटमधून कोअर घ्यावा. गज कापला जाऊ नये म्हणून आधी गज शोधायच्या यंत्रानं खुणा करून घ्याव्यात. एका कोअरवर निकाल लावू नये, किमान तीन हवेत. भोकं त्याच दिवशी न आकसणाऱ्या मसाल्यानं बुजवावीत.

आणखी एक स्वस्त चाचणी आहे, ती फारच कमी लोक करवून घेतात. काँक्रीटचा कोपरा ताजा फोडून त्यावर फेनॉल्फ्थेलीनचा फवारा मारायचा. काँक्रीट निरोगी असेल तर ते गुलाबी होतं. रंग आलाच नाही, तर तेवढ्या खोलीपर्यंत काँक्रीटनं गजाला गंजापासून वाचवायची ताकद गमावली आहे. बिनरंगाचा थर गजापर्यंत पोचला असेल, तर आज गज स्वच्छ दिसत असला तरी ओल मिळाली की गंजायला लागणार. वर मजला बांधून आणखी तीस वर्षं राहायचं असेल, तर हे आधी कळलेलं बरं.

गज शोधायच्या यंत्रानं कॉलममधल्या रिंगांचं अंतरही कळतं. जुन्या घरांत रिंगा नऊ-नऊ इंचांवर, त्याही अर्धवट वळवलेल्या सापडतात. भूकंपात कॉलम धरून ठेवतात त्या रिंगाच, खास करून कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला. पुढं दुकानाचं शटर असेल, तर धोका आणखी वाढतो. खाली भिंती नाहीत आणि वर सगळीकडे भिंती आहेत, अशी इमारत हलली की सगळा जोर शटरच्या रांगेतल्या कॉलमवर येतो.

कॉलम कमजोर निघाला तर त्याला बाहेरून गज आणि काँक्रीटचं वेष्टण घालतात. चारही बाजूंनी सुमारे चार-चार इंच वाढवलं, की ९ इंचांचा कॉलम १७ इंचांचा होतो आणि दुकानातली जागा जाते. म्हणून हे मालकाला आधी सांगावं. हे वेष्टण पायापासून सुरू व्हायला हवं. फरशीपासून वर घातलेलं वेष्टण दिसायला भक्कम दिसतं, पण त्याचा भार खाली उतरायला वाट नसते. ठेकेदार नेमकं हेच करायला बघतो, कारण फरशी फोडायची नसते.

पाणी, संडास आणि वीज

गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते. नव्या मजल्याबरोबर ती आणखी वर जाते, बऱ्याचदा शेजारी दुसरीही येते. पत्र्याच्या छतावर ती ठेवता येत नाही. तिच्यासाठी थेट कॉलमवर उभा राहणारा लोखंडी सांगाडा वरच्या हिशोबात आधीच धरावा लागतो.

नवा संडास-बाथरूम जुन्याच्या बरोबर वर घ्यावं. जुना स्लॅब खाली दबवलेला नसतो, त्यामुळे मिस्त्री बाथरूमची फरशी फूटभर उंच करून खाली विटांचे तुकडे भरतो. एका छोट्या बाथरूमला त्या भरावाचंच वजन दीड टनाच्या आसपास जातं. त्यापेक्षा पाईप स्लॅबच्या खालून नेऊन तळमजल्याच्या बाथरूममध्ये छत करून झाकावेत. त्यासाठी भोक पाडताना बीमला हात लावायचा नाही आणि स्लॅबचे गज कापायचे नाहीत. जुन्या हवेच्या पाईपचं टोक गच्चीच्या कठड्याजवळ असतं. मजला चढला की ते नव्या बेडरूमच्या खिडकीसमोर येतं, म्हणून तो नव्या छताच्या वर न्यावा लागतो.

संडासाची टाकी तर जवळजवळ कुणीच बघत नाही. पाच माणसांसाठी बांधलेल्या टाकीत दहा माणसांचं पाणी आलं, की ते टाकीत थांबायचा वेळ निम्मा होतो. घाण खाली बसायच्या आत शोषखड्ड्यात जाते आणि खड्डा तुंबतो. काळ्या मातीत पाणी तसंही जिरत नाही. मग ते वाट काढत पायाकडे सरकतं. टाकी किंवा शोषखड्डा कॉलमच्या किती जवळ आहे, हे मोजून नकाशावर दाखवावं. बऱ्याच घरांत टाकी जिन्याखालीच सापडते. पायाचा खड्डा घेताना माती ओली आणि वास मारणारी निघाली, तर मजल्याचं बोलणं थांबवून आधी टाकीचं काम करावं.

विजेच्या बाबतीत महावितरणच्या बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. दोन बल्ब आणि दोन पंख्यांच्या काळातला तो आकडा मोटार, फ्रिज, गिझर आणि कूलर झाल्यावरही तसाच राहिलेला असतो. वरच्या मजल्याला खालच्या बोर्डातून वायर ओढून न देता वेगळी लाईन, वेगळा एमसीबी आणि करंट गळती झाली की बंद होणारा ब्रेकर घ्यावा. अर्थिंगचा खड्डा आहे की फरशीखाली बुजलाय, हेही बघावं.

शेवटी घरावरून किंवा शेजारून जाणारी तार. तळमजल्याच्या वेळी जी तार उंच वाटत होती, ती नव्या मजल्याच्या गॅलरीतून हाताला येते. विद्युत सुरक्षेच्या नियमांप्रमाणे घरगुती दाबाची उघडी तार इमारतीच्या सगळ्यात उंच भागापासून वर किमान २.५ मीटर आणि आडव्या दिशेनं १.२ मीटर दूर हवी. ११ केव्हीच्या तारेला वर ३.७ मीटर आणि आडवं १.२ मीटर अंतर लागतं. हे अंतर तार झोळ खाऊन वाऱ्यानं हलेल तेव्हाचं धरायचं. मोजायला गच्चीवर लोखंडी पट्टी उंच करू नये, जमिनीवरून दुर्बिणीच्या यंत्रानं किंवा महावितरणच्या माणसाकडून मोजून घ्यावं. बांधकाम सुरू झाल्यावर स्लॅबवर उभ्या माणसाच्या हातात सहा मीटरचा गज असतो. तो आडवा फिरला की ही अंतरं पुरत नाहीत, त्यामुळे तार हलवायचा अर्ज सेंटरिंग लागायच्या आधीच गेलेला असावा.